भरदुपारी ओसरीतला टीव्ही: सिनेमा, स्टँडर्ड की व्हिविड?

दुपारी दीड वाजता दार उघडं आहे, अंगणात ऊन पडलंय आणि टीव्हीवर मॅच लागली आहे. चित्र फिकं दिसतं म्हणून कोणीतरी रिमोट घेतं, पिक्चर मोडमध्ये जातं आणि व्हिविड दाबतं. चित्र एकदम उजळतं आणि सगळ्यांचं समाधान होतं. मग महिनोन्‌महिने त्या घरात बातम्या देणारी बाई नारंगी दिसते, मैदानाचं गवत रंगपेटीतल्या हिरव्यासारखं दिसतं आणि खेळाडूच्या पांढऱ्या शर्टाच्या घड्या पार गायब होतात.

व्हिविड दाबल्यावर जे बरं वाटतं ते मुख्यतः वाढलेल्या उजेडामुळे. हा उजेड व्हिविडची मक्तेदारी नाही. तो बॅकलाइटमधून, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यातून येतो, आणि बॅकलाइट सिनेमा किंवा स्टँडर्ड मोडमध्येही वाढवता येतो. उजेड हवा असेल तर उजेडच घ्यावा, त्याच्यासोबत बिघडलेले रंग घेऊ नयेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

लागणाऱ्या वस्तू

- टीव्हीचा रिमोट. सेटटॉप बॉक्सचा नाही, टीव्हीचाच.
- वहीचं एक पांढरं पान.
- पेन ड्राइव्ह आणि त्यात मोबाइलवर सावलीत काढलेले दोन फोटो: एक वेचलेल्या कापसाच्या ढिगाचा, दुसरा काळ्या म्हशीचा. हे फोटो कशाला, ते पाचव्या पायरीत येईल.
- मऊ, कोरडं सुती फडकं.
- दारा-खिडकीला लावायला जाड पडदा, जुनी चादर किंवा बांबूची ताटी.

वेळ म्हणाल तर अर्धा तास पुरे. मात्र हे काम तुम्ही ज्या वेळी टीव्ही बघता त्याच वेळी करा. रात्री लावलेली सेटिंग दुपारी कामाची नसते.

१. टीव्ही बंद करा आणि पडद्यात काय दिसतं ते बघा

रिमोटला हात लावायच्या आधी टीव्ही बंद करा आणि नेहमीच्या जागी, बाजेवर किंवा खाली सतरंजीवर बसा. काळ्या पडद्यात काय दिसतं? उघडं दार आणि त्यामागचं अंगण स्पष्ट दिसत असेल, तर तुमची अडचण मोडची नाही, जागेची आहे.

याचं कारण साधं आहे. उजेड मोजायचं एक माप आहे, निट. गावात बहुतेक घरी असतो तसा ३२ किंवा ४३ इंची साधा एलईडी टीव्ही सगळं जोर लावून २५० ते ३०० निट देतो. भर उन्हातली चुन्याची पांढरी भिंत दहा हजार निटच्याही वर जाते. चकचकीत पडद्यानं त्यातला शंभरात चार भाग जरी परत फेकला, तरी ते चारशे निट होतात. म्हणजे भिंतीचं प्रतिबिंब टीव्हीच्या चित्रापेक्षा जास्त उजळ. यावर व्हिविड, सिनेमा, कोणताच मोड चालत नाही. मॅट पडद्यात प्रतिबिंब पसरट आणि फिकं होतं, पण पूर्ण जात नाही. अंगण शेणानं सारवलेलं असेल तर थोडं बरं असतं, सिमेंटचा कोबा आणि पांढरी भिंत असेल तर सगळ्यात वाईट.

अशा वेळी हे उपाय करून बघा:

टीव्ही दाराच्या समोरच्या भिंतीवर असेल तर तो बाजूच्या भिंतीवर न्या, म्हणजे दार पडद्याच्या समोर न येता कडेला येईल. दाराला लागून त्याच भिंतीवर मात्र ठेवू नका. तिथे प्रतिबिंब टळतं, पण बघणाऱ्याच्या डोळ्यांत दाराचं ऊन सरळ येतं. डोळा त्या उजेडाला सरावतो आणि शेजारचा टीव्ही आणखीच काळवंडलेला वाटतो.

पोरांचा हात लागू नये म्हणून टीव्ही आलमारीवर किंवा भिंतीला फार उंच लावलेला असेल, तर त्याला थोडं खाली झुकवा. पाच ते दहा अंश पुरतात. मग पडद्यात दाराऐवजी खोलीतली जमीन दिसते, आणि जमीन दारापेक्षा खूप कमी उजळ असते. खाली बसून उंच टीव्ही बघताना काही पडद्यांचं चित्र राखाडी, धुतल्यासारखं दिसतं. तेही झुकवल्यानं सुधारतं.

आणि पडदा पुसा. आपल्याकडे धूळ कमी नाही, आणि उन्हाची तिरीप पडल्यावर पडद्यावरची धूळ पांढुरकी चमकते, काळा रंग करडा करून टाकते. कोरड्या फडक्यानं हलक्या हातानं पुसा. काच पुसायचं फवाऱ्याचं औषध किंवा फिनेल लावू नका, पडद्यावरचा थर खराब होतो.

२. टीव्ही दुकानाच्या मोडमध्ये तर नाही ना, हे बघा

नवा टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना तो विचारतो की घरी वापरणार की दुकानात. बसवून देणारा माणूस घाईत असेल तर Store, Shop किंवा Retail यातलं काहीतरी दाबून मोकळा होतो. या मोडमध्ये टीव्ही व्हिविडसारखा भडक चालतो, कारण ट्यूबलाइटांनी उजळलेल्या दुकानात शेजारच्या दहा टीव्हींमध्ये उठून दिसणं हेच त्याचं काम असतं.

हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. पडद्याच्या कोपऱ्यात टीव्हीच्या गुणांची जाहिरातपट्टी अधूनमधून येते. आणि तुम्ही बदललेली सेटिंग थोड्या वेळानं किंवा लाईन जाऊन आल्यावर आपोआप जुन्यावर जाते. असं होत असेल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन Home किंवा Home Mode निवडा. हे केल्याशिवाय पुढच्या पायऱ्या करणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

३. वीज वाचवायची सोय आणि उजेडाचा सेन्सर बंद करा

हा दुसरा सापळा. मेनूत Eco, Energy Saving, Power Saving किंवा Ambient Light Detection अशा नावाची सोय असते. ती चालू असली की टीव्ही बॅकलाइट स्वतःच्या मर्जीनं कमी-जास्त करतो. तुम्ही सिनेमा मोडमध्ये बॅकलाइट १०० वर नेता आणि चित्र तरी अंधारंच राहतं, त्यामागे बहुधा हीच सोय असते. लोक इथेच थकतात आणि "सिनेमा मोड दिवसा चालत नाही" असं म्हणून व्हिविडवर परत जातात.

सेन्सर पडद्याच्या खालच्या पट्टीत असतो. टीव्हीवर झालर टाकायची सवय असेल आणि ती त्याच्यावर आली, तर त्याला खोलीत कायम रात्रच वाटते. निदान सेटिंग करेपर्यंत हे सगळं बंद ठेवा. नंतर हवं असेल तर सुरू करून बघता येईल.

४. तिन्ही मोड नेमकं काय बदलतात

मोड म्हणजे काही वेगळी जादू नाही. बॅकलाइट, कॉन्ट्रास्ट, रंग, धार आणि पांढऱ्याची छटा यांचे कंपनीनं आधीच जुळवून ठेवलेले आकडे म्हणजे मोड. काही टीव्हीत व्हिविडला Dynamic म्हणतात, सिनेमाला Movie म्हणतात. काम तेच.

*व्हिविड* बॅकलाइट पूर्ण उघडतो, रंग वाढवतो, कडांची धार वाढवतो आणि पांढऱ्या रंगात निळसर झाक आणतो. निळसर पांढरं आपल्याला जास्त उजळ आणि स्वच्छ वाटतं. कपड्याला नीळ लावल्यावर तो जास्त पांढरा दिसतो, तसंच हे. शिवाय चित्रानुसार उजेड-अंधार खालीवर करणारी सोयही तो चालू करतो, त्यामुळे उजळ जागेतले बारकावे जातात.

*सिनेमा* याच्या उलट टोकाला. कार्यक्रम तयार करणारे लोक ज्या मापावर रंग बसवतात त्याच्या सगळ्यांत जवळ हाच मोड असतो. पण ते लोक रंग बसवतात अंधाऱ्या खोलीत, आणि तिथल्या पडद्याचा पांढरा रंग साधारण १०० निटवर ठेवलेला असतो. म्हणून कंपनी सिनेमा मोडमध्ये बॅकलाइट मुद्दाम कमी ठेवते. दुपारी तो मरगळलेला दिसतो तो एवढ्याचसाठी. त्याचे रंग चुकलेले नसतात, फक्त दिवा मंद असतो.

*स्टँडर्ड* या दोघांच्या मध्ये. रंग फार भडक नाहीत, पण पांढरं बऱ्यापैकी निळसर आणि धार गरजेपेक्षा जास्त.

दिवसा व्हिविड पूर्ण चुकीचा का वाटत नाही, हेही समजून घ्यायला हवं. खोलीतला उजेड पडद्यावर पडून परततो तेव्हा तो चित्रातल्या प्रत्येक रंगात थोडं पांढरं मिसळतो, दुधात पाणी मिसळावं तसं. रंग फिके होतात, आणि व्हिविड रंग वाढवून त्याची भरपाई करतो. विचार बरोबर आहे, प्रमाण चुकतं. चार चमचे साखर हवी तिथे तो पावशेर टाकतो, आणि संध्याकाळी दार बंद झाल्यावरही तेवढीच टाकत राहतो.

५. सिनेमा मोड घ्या आणि फक्त बॅकलाइट वाढवा

आता सिनेमा किंवा Movie मोड लावा. मेनूत Backlight शोधा आणि ९० ते १०० वर न्या. बाकी कशालाच अजून हात लावू नका. पाच मिनिटं तसंच बघा.

इथे सगळ्यात मोठी गफलत होते ती ब्राइटनेस या नावामुळे. बऱ्याच टीव्हींमध्ये Brightness म्हणजे उजेड नव्हे, तर काळा रंग किती काळा ठेवायचा याचं माप. ते वाढवलं की काळं करडं होतं आणि चित्रावर धुकं आल्यासारखं दिसतं. काही कंपन्यांच्या नव्या मेनूत मात्र Brightness म्हणजेच बॅकलाइट, आणि काळ्यासाठी Black Level किंवा Shadow Detail असं वेगळं नाव असतं. तुमच्याकडे कोणतं आहे हे कळायला तो आकडा एकदम खाली आणा. चित्रातलं पांढरंही मंद झालं तर तो बॅकलाइट. पांढरं तसंच राहून फक्त केस, सावल्या आणि काळे कपडे एकजीव काळे झाले, तर ते काळ्याचं माप, त्याला होतं तिथे परत ठेवा.

आता पेन ड्राइव्ह लावा. कापसाच्या ढिगाचा फोटो उघडा. बोंडाबोंडातल्या फटी, तंतूंच्या सावल्या, मध्ये अडकलेला पाचोळा दिसायला हवा. ढीग म्हणजे नुसता पांढरा डाग दिसत असेल तर Contrast जास्त आहे. तो पाच-पाचनं कमी करा, तंतू दिसू लागले की थांबा. मग म्हशीचा फोटो. तिच्या पोटाचा आणि पायाचा काळा वेगवेगळा दिसायला हवा, कातडीवरच्या वळ्या दिसायला हव्यात. सगळी म्हैस एकच काळा ठिपका होत असेल तर काळ्याचं माप दोन-तीन अंकांनी वर घ्या. हाच फोटो एकदा व्हिविडवर बघा. कापसाचा डाग कसा होतो ते डोळ्यांनी दिसेल, मग कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

एक सूचना. फोटोचे रंग मोबाइलवर दिसतात तसेच टीव्हीवर आले पाहिजेत, असा हट्ट धरू नका. अनेक मोबाइलही स्वतः भडक मोडवर चालतात. हे फोटो फक्त पांढऱ्या-काळ्यातले बारकावे बघायला आहेत.

६. उरलेली चार बटणं

*गॅमा.* दिवसाच्या चित्रासाठी बॅकलाइटनंतर सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि हिलाच कोणी हात लावत नाही. पांढरा आणि काळा यांच्या मधले रंग किती उजळ दाखवायचे हे गॅमा ठरवतो. सिनेमा मोडमध्ये तो अंधाऱ्या खोलीसाठी लावलेला असतो, त्यामुळे दुपारी सावलीतले चेहरे काळे पडतात. मेनूत Dark, Middle, Bright असे पर्याय असतील तर Bright घ्या. आकडे असतील तर २.४ वरून २.२ वर या, खोली फारच उजळ असेल तर २.० वर. याहून खाली गेलात तर चित्र सपाट होतं.

*पांढऱ्याची छटा.* Colour Temperature किंवा Colour Tone इथे Warm दिसेल. पहिले दोन दिवस तो पिवळा वाटतो, कारण डोळे निळ्याला सरावलेले असतात. वहीचं पान घ्या, टीव्हीवर पांढरं काही आल्यावर पडद्याशेजारी धरा आणि खोलीतल्या दिवसाच्या उजेडात दोन्ही बघा. व्हिविडचं पांढरं पानाशेजारी निळं दिसेल, वॉर्मचं पानाच्या बरंच जवळ असेल. भिंती गडद हिरव्या, गुलाबी किंवा निळ्या असतील तर पानावर त्यांचीही झाक येते, तेव्हा पान दाराच्या बाजूला वळवून बघा. Warm1 आणि Warm2 असे दोन असतील आणि दुसरा अगदीच खटकत असेल तर Warm1 वर राहा. वॉर्म लावल्यानं उजेड थोडा कमी होतो, कारण त्यात निळा रंग दाबलेला असतो. जिथे उजेड मुळातच अपुरा आहे तिथे Standard किंवा Normal छटा घेण्यात काही गैर नाही.

*रंग.* Colour किंवा Saturation पन्नासवर असेल तर दुपारसाठी ५५ करा. साठच्या वर गेलात तर पहिल्यांदा चेहरे लाल होतात. चेहरा बघून ठरवा, गवत बघून नाही. गवत किती हिरवं हे कोणाला ठाऊक नसतं, माणसाचा रंग मात्र सगळ्यांना कळतो.

*धार.* Sharpness शंभरपैकी १० ते २० पुरे. फ्री डिशवरचे बरेच चॅनल साध्या दर्जाच्या चित्राचे असतात. तेच चित्र ४३ इंचांवर ताणलं जातं तेव्हा त्यातल्या चौकटी आणि मुंग्या दिसू लागतात. व्हिविडची वाढीव धार त्या मुंग्यांनाच ठळक करते. खालून सरकणाऱ्या बातमीच्या अक्षरांभोवती पांढरी किनार दिसत असेल तर धार नक्की जास्त आहे.

स्वस्त अँड्रॉइड टीव्हीत पुढच्या मेनूत Adaptive Luma Control, Dynamic Contrast असं काही असतं. ते बंद करा. तेच चित्राचा उजेड दृश्यागणिक खालीवर करत असतं.

७. एक घर, पूर्ण हिशेबासह

समजा घर दक्षिणमुखी आहे. पुढची खोली दहा बाय चौदा फुटांची, दार दक्षिणेला, पश्चिमेला खिडकी, टीव्ही ४३ इंची साधा एलईडी, उत्तरेच्या भिंतीवर, म्हणजे थेट दाराच्या समोर. घरच्यांनी व्हिविड लावलेला आहे.

टीव्ही बंद केल्यावर पडद्यात दार आणि अंगण दिसलं. म्हणून टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर नेला. आता समोर पश्चिमेची खिडकी येते, पण उन्हाळ्यात तिथे कूलर बसवलेला असतो आणि तो खिडकी बऱ्यापैकी झाकतो. मे महिन्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असल्यानं दक्षिणेच्या दारातून ऊनही फार आत येत नाही. डिसेंबरात उलट होतं. दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे अर्ध्या आभाळावरच असतो, ऊन दारातून आत शिरतं, आणि कूलर काढलेला असल्यानं तीननंतर खिडकीतूनही येतं. म्हणजे आपल्याकडे या खोलीत टीव्हीसाठी अवघड काळ उन्हाळ्याचा नाही, हिवाळ्याचा आहे. पडदे त्या हिशेबानं लावायचे.

आता आकडे. निट हे पडद्यातून येणाऱ्या उजेडाचं माप, तसं लक्स हे पडद्यावर पडणाऱ्या उजेडाचं माप. समजा हिवाळ्यातल्या दुपारी दार उघडं असताना पडद्यावर ५०० लक्स उजेड पडतो आणि पडदा त्यातला शंभरात दोन भाग पसरवून परत फेकतो. त्यानं टीव्हीचा काळा रंग साधारण ३ निटवर चढतो. सिनेमा मोड कंपनीच्या सेटिंगवर, १०० निटवर असेल, तर पांढरा आणि काळा यांत जेमतेम ३० पटींचा फरक उरतो. चित्र फिकं दिसणारच. बॅकलाइट पूर्ण उघडून २५० निट घेतले की फरक ८० पटींपर्यंत जातो. आणि दाराला अर्धा पडदा ओढून पडद्यावरचा उजेड १५० लक्सवर आणला, तर काळा १ निटवर उतरतो आणि फरक अडीचशे पट होतो. म्हणजे दोन मीटर जाड कापडानं बॅकलाइटपेक्षा जास्त काम केलं. व्हिविड लावून हा फरक मिळत नाही, कारण व्हिविडलाही काळा रंग ३ निटच्या खाली नेता येत नाही. तो काळा टीव्हीचा नसतोच, दारातून आलेला असतो.

या घरी दुपारसाठी बसलेली सेटिंग अशी: मोड Movie, बॅकलाइट ९५, कॉन्ट्रास्ट ८५, काळ्याचं माप ५०, रंग ५५, धार १५, छटा Warm, गॅमा Bright. तुमच्या टीव्हीवर हे आकडे जसेच्या तसे लागणार नाहीत. कापूस आणि म्हैस बघूनच ठरवा.

८. सेटिंग केली तरी दिसत नाही, असं झालं तर

बहुतेक टीव्ही प्रत्येक जोडणीची सेटिंग वेगळी ठेवतात. पेन ड्राइव्हवर सगळं नीट बसवलं आणि मग डिशवर गेलात, तर तिथे जुनाच व्हिविड असतो. मेनूत Apply to All Inputs असेल तर ते करा. नसेल तर आकडे वहीत लिहा आणि HDMI 1, AV अशा प्रत्येक जागी परत भरा.

अनेक स्वस्त टीव्हींत एखादा आकडा बदलला की मोडचं नाव आपोआप User होतं. घाबरू नका, तो तुमचाच मोड आहे. पण त्यानंतर कोणी Movie दाबलं तर कंपनीचे मूळ आकडे परत येतात. म्हणून घरच्यांना User हेच नाव दाखवून ठेवा.

सेटटॉप बॉक्स HDMI वर असताना सगळे काळे रंग एकजीव होत असतील, किंवा उलट काहीच काळं दिसत नसेल, आणि पेन ड्राइव्हचे फोटो मात्र ठीक असतील, तर HDMI Black Level किंवा HDMI Range एकदा बदलून बघा. बॉक्स एका मापानं काळा पाठवतो आणि टीव्ही दुसऱ्या मापानं वाचतो, असं कधी कधी होतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काही बघताना HDR ची, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा फरक दाखवणाऱ्या चित्राची खूण आली तर मोड पुन्हा वेगळे असतात. साध्या टीव्हीत HDR चित्र दिवसा अंधारं दिसतं, कारण त्याला लागणारा उजेड पडद्याकडे नसतो. तिथे स्टँडर्ड घ्या. Dolby Vision असेल तर Bright आणि Dark यांपैकी दुपारी Bright.

९. मग स्टँडर्ड कधी, व्हिविड कधी?

सिनेमा मोडमध्ये बॅकलाइट शंभरवर, गॅमा उजळ, ओढता येईल तेवढा पडदा ओढलेला, आणि तरीही चित्र अपुरं वाटत असेल, तर स्टँडर्ड घ्या. काही टीव्हीत सिनेमा मोडचा बॅकलाइट शंभरवर नेला तरी स्टँडर्डएवढा उजेड देत नाही. हे तपासायला कापसाच्या फोटोवर दोन्ही मोड आलटून पालटून लावा. फरक सरळ दिसत असेल तर दुपारचा मोड स्टँडर्ड ठेवा, पण त्याची छटा Warm करा, धार २० च्या खाली आणा आणि चित्र गुळगुळीत करणारी मोशनची सोय बंद करा किंवा अगदी कमी ठेवा. एवढं केलं की तो सिनेमाच्या बराच जवळ येतो.

व्हिविडला माझ्या मते एकच जागा आहे: पोळ्याच्या किंवा लग्नाच्या दिवशी टीव्ही मांडवात आणला, पडदा लावायची सोय नाही, आणि माणसं पंधरा फुटांवरून मॅच बघताहेत. तिथे स्कोअर वाचता येणं महत्त्वाचं, चेहऱ्याचा रंग नाही. तेव्हाही रंगाचा आकडा दहानं कमी करा.

१०. रात्रीसाठी वेगळा मोड ठेवा

दुपारचा बॅकलाइट रात्री तसाच ठेवला तर डोळे दुखतात आणि काळे रंग उजळतात. रोज आकडे बदलायची गरज नाही. एक मोड दुपारचा करा, दुसरा रात्रीचा. दुपारसाठी User किंवा स्टँडर्ड वरच्या आकड्यांवर, रात्रीसाठी Movie मूळ आकड्यांवर, बॅकलाइट ३० ते ४०. मग फक्त मोड बदलायचा, तेही रिमोटच्या दोन-तीन दाबांत.

विजेचा फरक मोठा नाही, पण आहे. ४३ इंची टीव्हीत पूर्ण आणि अर्ध्या बॅकलाइटमध्ये ३० वॅटचा फरक धरला, तर रोज चार तासांचे महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास होतात. लाईन गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवताना मात्र ते ३० वॅट महत्त्वाचे, तेव्हा रात्रीचा मोड लावा. शिवाय पूर्ण बॅकलाइटवर आतल्या एलईडी पट्ट्या जास्त तापतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळीसच्या वर असते. म्हणून शंभरऐवजी नव्वदवर ठेवा. दहा आकड्यांचा फरक डोळ्याला कळत नाही, पट्ट्यांना कळतो. टीव्हीच्या मागच्या जाळ्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, आणि कूलरचा ओला झोत मागून टीव्हीवर येणार नाही असं बघा.